भाषांतरात तळटिपा हरवतात कुठे?

एखाद्या संस्थेचा इंग्रजी अहवाल मराठीत करून फाइल रवाना होते आणि दोन दिवसांत तक्रारी येऊ लागतात. मूळ फाइलमध्ये ४० तळटिपा होत्या, मराठीत ३८ भरतात. संपादकांनी खोडलेला परिच्छेद मराठीत जसाच्या तसा आला आहे. ‘टीप ४ पाहा’ असे जिथे लिहिले आहे, तिथून टीप ४ काढून पाहावी तर ती भलत्याच विषयाची निघते. शीर्षकांचा ठळकपणा गेला आहे आणि काही ओळींवरच्या वेलांट्या अर्ध्या कापल्या गेल्या आहेत. भाषांतर वाचायला उत्तम असते, तरी फाइल छापण्याजोगी राहिलेली नसते.

वर्ड फाइल आपल्याला पडद्यावर एक सलग मजकूर म्हणून दिसते, पण आत ती तशी नसते. अनेकांच्या हातांखालून गेलेल्या फाइलमध्ये मजकुराच्या जोडीला दुरुस्त्यांच्या खुणा असतात, शेजारी कॉमेंट असतात आणि तळटिपांचे धागे असतात. भाषांतर करताना यांतल्या प्रत्येकाचे काय करायचे, हे पहिले वाक्य हाती घेण्याआधी ठरले, तर वरची एकही तक्रार येत नाही. हे ठरवायचे कसे आणि पुढे करायचे काय, हे एका वाक्याचा माग काढत पाहू.

फाइलच्या पोटात काय असते

२००७च्या वर्डपासून फाइलच्या नावापुढे `.docx` लागू लागले. ही फाइल म्हणजे खरे तर अनेक लहान फायलींचे एक झिप पाकीट असते. कोणत्याही `.docx` फाइलची प्रत काढा, तिचे शेपूट बदलून `.zip` करा आणि उघडा. आत `word` नावाचा फोल्डर दिसेल. त्यात `document.xml` ही मुख्य मजकुराची फाइल असते. तळटिपा असतील तर `footnotes.xml` आणि कॉमेंट असतील तर `comments.xml` अशा वेगळ्या फायली असतात. तळटीप आपल्याला पानाच्या तळाशी दिसत असली, तरी तिचा मजकूर मुख्य मजकुरात नसतोच. मुख्य मजकुरात असते ती फक्त एक खूण, ‘अमुक टीप इथे जोडलेली आहे’ एवढेच सांगणारी.

आता आपले वाक्य घेऊ. समजा, गावातल्या पाणीसमितीसाठी तयार केलेली एक इंग्रजी पुस्तिका आहे. तिच्यात म्हटले आहे की समितीने विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तपासावे, कारण राज्याच्या मार्गदर्शक सूचना तसे सांगतात. संपादकाने ट्रॅक चेंजेस चालू ठेवून ‘एकदा’ खोडले आणि ‘दोनदा’ केले. वाक्यात दोन तळटिपा आहेत. ‘वर्षातून दोनदा’ या शब्दांवर ३ क्रमांकाची आणि शेवटी ‘मार्गदर्शक सूचना’ यावर ४ क्रमांकाची. या वाक्याचा पहिला भाग फाइलच्या पोटात, थोडा सोपा करून, असा दिसतो:

```xml
<w:r><w:t>test the water </w:t></w:r>
<w:del><w:r><w:delText>once</w:delText></w:r></w:del>
<w:ins><w:r><w:t>twice</w:t></w:r></w:ins>
<w:r><w:t> a year</w:t></w:r>
<w:r><w:footnoteReference w:id="3"/></w:r>
```

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. खोडलेला शब्द गेलेला नाही. `w:del` या वेष्टनात तो जागच्या जागी आहे आणि नवा शब्द त्याच्या शेजारी `w:ins`मध्ये आहे. म्हणजे या घडीला फाइलमध्ये दोन वाक्ये एकत्र नांदत आहेत, एक जुने आणि एक नवे. दुसरी गोष्ट तळटिपेची. मुख्य मजकुरात तिचा एक शब्दही नाही, फक्त शेवटच्या ओळीतली खूण आहे. त्या खुणेतला आकडाही छापील क्रमांक नव्हे. ती वर्डची आतली नोंद असते. पानावर दिसणारा क्रमांक वर्ड दर वेळी खुणांच्या क्रमावरून नव्याने मोजतो. ही खूण पुसली की टीप गेली. आणि तिच्या जागी कोणी हाताने बारीक, वर चढवलेला ३ टाइप केला, तर तो केवळ आकडा असतो, त्याच्या मागे टीप नसते.

आधी मजकूर एकच करा

फाइल हाती आली की पहिली फसगत डोळ्यांची होते. वर्डमध्ये `Review` या टॅबवर दुरुस्त्या कशा दाखवायच्या याची एक यादी असते. तिच्यात `Simple Markup` निवडलेले असेल तर मजकूर स्वच्छ दिसतो, फक्त समासात एक उभी रेघ उरते. `No Markup` असेल तर तीही दिसत नाही. पण या दोन्हींत दुरुस्त्या फक्त लपतात, फाइलमधून जात नाहीत. म्हणून फाइल उघडल्यावर पहिल्याने `All Markup` निवडावे आणि `Reviewing Pane` उघडून एकूण किती दुरुस्त्या आहेत हे पाहावे. त्या शेजारच्या `Show Markup` यादीत एखाद्याच व्यक्तीच्या दुरुस्त्या दाखवण्याची सोय असते. तिथे सगळ्यांची नावे निवडलेली आहेत ना, याचीही खात्री करावी.

पुढचा निर्णय भाषांतरकाराचा नसतो. कोणत्या दुरुस्त्या अंतिम आहेत, हे फाइल देणाऱ्यानेच सांगायचे असते. आपल्या वाक्यात ‘दोनदा’वर एक कॉमेंट आहे. संपादकाने विचारले आहे, ‘आरोग्य अधिकाऱ्यांना हे मान्य आहे का?’ लेखकाचे उत्तर त्याखाली नाही. म्हणजे ‘एकदा’ की ‘दोनदा’ हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि उत्तरावर गावकऱ्यांनी काय करायचे हे ठरणार आहे. अशा वेळी अंदाजाने पुढे जाऊ नये. दुरुस्त्या अंतिम आहेत का, उघडे प्रश्न कोणते आणि मराठी प्रतीत या खुणा हव्या आहेत की नकोत, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

उत्तर आले की मूळ फाइल बाजूला जपून ठेवावी आणि तिच्या प्रतीवर `Review`, मग `Accept`च्या यादीतले `Accept All Changes and Stop Tracking` द्यावे. नावातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ट्रॅकिंग चालू राहिले आणि त्यावर मराठी टाइप केले, तर प्रत्येक मराठी शब्द ‘नवी दुरुस्ती’ आणि प्रत्येक इंग्रजी शब्द ‘खोडलेला मजकूर’ म्हणून फाइलमध्ये साठत राहतो. फाइल फुगते, आणि कोणी चुकून सगळ्या दुरुस्त्या नाकारल्या तर मराठी भाषांतर नाहीसे होऊन इंग्रजी परत येते. काही फायलींत ट्रॅकिंगला कुलूप घातलेले असते. तेव्हा दुरुस्त्या स्वीकारता येत नाहीत. तो पासवर्ड फाइल देणाऱ्याकडूनच मागावा लागतो.

स्वीकारून झाल्यावर भाषांतराला लगेच बसू नये. इंग्रजी मजकूर एकदा वाचून काढावा. दुरुस्त्या स्वीकारल्यावर कुठे दोन शब्दांत दुहेरी मोकळी जागा उरते, कुठे परिच्छेदाची सीमाच खोडलेली असल्यामुळे दोन परिच्छेद चिकटतात आणि त्यांतल्या एकाची मांडणी बदलते. हे आता दिसले तर पुढे मराठीत निस्तरावे लागत नाही.

आपल्या पुस्तिकेत याच पायरीवर आणखी एक बदल होतो. संपादकाने टीप २ पूर्ण खोडली होती. खोडलेली खूण जोवर फाइलमध्ये आहे, तोवर वर्ड तिलाही मोजत राहते, म्हणून आपल्या दोन टिपांचे क्रमांक ३ आणि ४ दिसत होते. दुरुस्त्या स्वीकारताच जुनी टीप २ नाहीशी झाली आणि आपल्या टिपा २ आणि ३ झाल्या. दुरुस्त्या न स्वीकारता भाषांतर सुरू केले असते तर त्या खोडलेल्या टिपेचाही मजकूर समोर आला असता आणि कोणालाही नको असलेली टीप मनापासून मराठीत उतरवली गेली असती.

कॉमेंटचे तीन गठ्ठे

कॉमेंट सगळ्या एका जातीच्या नसतात. काही भाषांतरकारासाठीच असतात, जसे ‘ही संज्ञा शासकीय परिभाषेप्रमाणे ठेवा’. काही संस्थेतल्या लोकांचे आपसातले बोलणे असते, जे बाहेर जाऊ नये. आणि काही मराठी वाचणाऱ्या माणसाने वाचून उत्तर द्यावे म्हणून असतात. पहिल्या प्रकारच्या कॉमेंट वाचून अमलात आणायच्या आणि काढून टाकायच्या. दुसऱ्या प्रकारच्या फाइल देणाऱ्याला विचारून काढायच्या. भाषांतर फक्त तिसऱ्या प्रकाराचे करायचे.

ठेवायच्या कॉमेंटची एक अडचण असते. कॉमेंट ही मजकुरातल्या एका ठरावीक तुकड्याला बांधलेली असते. तुकड्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन अदृश्य खुणा असतात. तो पूर्ण तुकडा निवडून खोडला की बहुधा कॉमेंटही जाते. म्हणून वर्डमध्येच भाषांतर करत असाल तर तुकडा एकदम खोडू नये. त्याच्या पहिल्या अक्षरानंतर कर्सर ठेवून मराठी टाइप करावे, मग पुढचा उरलेला इंग्रजी मजकूर आणि शेवटी ते पहिले अक्षर काढावे. आतला मजकूर बदलतो, खुणा जागेवर राहतात. कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असते, ती तशीच ठेवावी. कोणी केव्हा काय विचारले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

तळटीप हलवायची, पुन्हा लिहायची नाही

मराठी वाक्याची घडण इंग्रजीपेक्षा वेगळी असल्याचा परिणाम सर्वांत ठळकपणे तळटिपांवर होतो. इंग्रजी वाक्यात ‘वर्षातून दोनदा’ आधी येते आणि ‘मार्गदर्शक सूचनांनुसार’ शेवटी. मराठीत सहज लिहिले तर वाक्य असे होते: ‘राज्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीने विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तपासले पाहिजे.’ सूचनांची टीप आता आधी येते. वर्ड क्रमांक खुणांच्या क्रमाने देते, म्हणून सूचनांची टीप २ झाली आणि ‘दोनदा’ची ३.

त्या एका टिपेचा प्रवास पाहा. फाइल आली तेव्हा सूचनांची टीप ४ होती, दुरुस्त्या स्वीकारल्यावर ३ झाली, मराठी वाक्यरचनेत २ झाली. आणि पुस्तिकेच्या पाचव्या प्रकरणात कोणी तरी हाताने लिहून ठेवले आहे, ‘टीप ४ पाहा’. मूळ इंग्रजीतसुद्धा दुरुस्त्या स्वीकारल्यानंतर तो उल्लेख चुकीचा ठरला असता. मराठीत तो दोन घरे दूर गेला. लेखाच्या आरंभी म्हटलेली भलतीच टीप निघते ती अशी.

यावर दोन उपाय आहेत आणि कोणता निवडायचा हे पुस्तिका कशी वापरली जाणार यावर ठरते. मराठी प्रत स्वतंत्रपणे वाचली जाणार असेल तर क्रमांक बदलू द्यावेत आणि हाताने लिहिलेला ‘४’ काढून तिथे जिवंत उल्लेख घालावा. त्यासाठी `References` टॅबवर `Cross-reference` आहे. तिथे `Footnote` निवडून यादीतली योग्य टीप निवडली की तिचा क्रमांक आपोआप येतो आणि पुढे टीप हलली तर हा क्रमांकही बदलता येतो. मात्र तो आपणहून बदलत नाही. सगळा मजकूर निवडून `F9` दाबावे लागते. मुख्य मजकूर निवडल्याने तळटिपांमधले उल्लेख निवडले जात नाहीत. त्यांच्यासाठी एखाद्या टिपेत कर्सर ठेवून पुन्हा `Ctrl+A` आणि `F9` करावे लागते.

इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी ठेवून वाचल्या जाणार असतील, बैठकीत कोणी ‘टीप ३’ म्हटल्यावर दोन्ही भाषांतल्या लोकांनी एकच टीप उघडणे आवश्यक असेल, तर क्रम राखला पाहिजे. अशा वेळी वाक्यच थोडे वेगळे बांधता येते: ‘समितीने विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तपासावे; राज्याच्या मार्गदर्शक सूचनांनी तसे बंधनकारक केले आहे.’ दोन्ही टिपा मूळ क्रमात राहतात आणि मराठी वाक्यही अवघडत नाही. प्रत्येक वाक्यात हे जमत नाही. जिथे ओढाताण होते तिथे क्रमांक बदललेला बरा, आणि तसे फाइल देणाऱ्याला कळवावे.

टीप हलवताना तिची खूण कापून नव्या जागी चिकटवावी. खुणेबरोबर टिपेचा सगळा मजकूर जातो आणि क्रमांक पुन्हा मोजले जातात. वाक्य बदलतानाही खुणेच्या अलीकडचा आणि पलीकडचा इंग्रजी मजकूर वेगवेगळा खोडावा. संपूर्ण वाक्य निवडून त्यावर मराठी टाइप केले तर वाक्याबरोबर खूणही खोडली जाते. ४० टिपांच्या ३८ बहुतेक वेळा अशाच होतात. मराठीत खुणेची जागा पूर्ण शब्दानंतर असते, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय धरून. ‘सूचनांनुसार’ या शब्दात ती ‘सूचनां’नंतर घुसली तर शब्द दुभंगतो.

भाषांतराच्या साधनात हेच

पाच-दहा पानांची फाइल वर्डमध्येच करता येते. शेकडो टिपांचे पुस्तक असेल तर ओमेगाटी, ट्रॅडोस किंवा मेमोक्यू यांच्यासारखे साधन घेणे शहाणपणाचे. यांतले ओमेगाटी मोफत मिळते. ही साधने फाइलमधला मजकूर वाक्यावाक्याने बाहेर काढतात आणि तळटिपेची खूण, ठळक अक्षरे, कॉमेंटच्या सीमा यांच्या जागी टॅग दाखवतात. आपल्या वाक्यात तळटिपेच्या जागी `<t1/>`सारखा एखादा टॅग दिसेल. मराठी वाक्यात तो योग्य जागी ठेवला की भाषांतरित फाइल बनवताना साधन तिथे मूळ तळटीप जोडते. टॅग हरवला तर टीपही हरवली. म्हणून फाइल बाहेर काढण्याआधी टॅगांची तपासणी चालवणे कधीच टाळू नये. तपासणीत कोणत्या वाक्यात कोणता टॅग कमी पडला आहे हे नेमके कळते.

या साधनांत तळटिपेचा मजकूर तिच्या वाक्याशेजारी न येता वेगळा, बऱ्याचदा दूर कुठे तरी येतो. कारण फाइलच्या पोटातही तो वेगळा आहे. ‘वरीलप्रमाणे’ किंवा ‘हे मत’ अशा शब्दांनी सुरू होणारी टीप संदर्भाशिवाय वाचली तर चुकीची उतरते. त्यासाठी मूळ वर्ड फाइल शेजारी उघडी ठेवावी. ओमेगाटीमध्ये फाइल फिल्टरच्या रचनेत तळटिपा आणि कॉमेंट भाषांतरासाठी घ्यायच्या की नाहीत, हे आधी निवडता येते. तळटिपा घेतल्या गेल्या नाहीत तर त्या शेवटच्या प्रतीत इंग्रजीतच राहतात.

कधी कधी एका साध्या वाक्यातही टॅगांची दाटी दिसते, अगदी शब्दाच्या मधोमधसुद्धा. दुरुस्त्या करताना वर्डने मजकुराचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात आणि दुरुस्त्या स्वीकारल्या तरी ते तुकडे आपोआप सांधले जात नाहीत. असा निरर्थक टॅग मराठी अक्षर आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये गेला तर वेलांटी अक्षरापासून सुटते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते. छापील प्रतीत असे वर्तुळ दिसले की कारण हेच शोधावे.

देवनागरीची मांडणी

मराठी मजकूर मूळच्या जागी बसला तरी पान मूळसारखे दिसेलच असे नाही. वर्ड प्रत्येक अक्षरशैलीचे दोन संच ठेवते. एक लॅटिन लिपीसाठी आणि दुसरा गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी, ज्यांत देवनागरी येते. फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि तिरपेपणा हे सगळे दोन्ही संचांत स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. मूळ फाइल फक्त इंग्रजीचा विचार करून बनवलेली असेल तर दुसऱ्या संचात अनेकदा काहीच नसते. म्हणून इंग्रजीतले ठळक शीर्षक मराठीत साधे होते आणि फॉन्टच्या जागी वर्ड आपला ठरलेला ‘मंगल’ आणते.

यावर इलाज एकेक शीर्षक निवडून ठळक करण्याचा नाही. स्टाइल दुरुस्त करावी. शीर्षकाच्या स्टाइलवर उजवी कळ दाबून `Modify`, मग `Format` आणि `Font` उघडले की `Complex scripts` हा वेगळा भाग दिसतो. तो दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत आधी मराठी जोडावी. तिथे मराठी फॉन्ट, आकार आणि ठळकपणा ठरवला की त्या स्टाइलची सगळी शीर्षके एकदम बदलतात. `Footnote Text` या स्टाइललाही तेच करावे, म्हणजे सगळ्या टिपा एका मापाच्या होतात. फॉन्ट युनिकोडच असावा. जुन्या काळच्या, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवणाऱ्या फॉन्टांत टाइप केले तर वर्डच्या लेखी ते इंग्रजीच राहते. वर सांगितलेला संच तिथे लागू होत नाही आणि शोध किंवा तुलना यांचाही उपयोग होत नाही.

वेलांट्या कापल्या जातात त्याचे कारण ओळींमधल्या अंतरात असते. परिच्छेदाचे अंतर `Exactly` असे ठरवलेले असेल तर वर्ड ओळीला तेवढीच उंची देते. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांच्यासाठी अधिक जागा लागते, ती मिळत नाही. अंतर `Multiple` किंवा `At least` केले की वेलांट्या पूर्ण दिसतात. तक्त्यांच्या ओळींची उंचीही अशीच बांधलेली असते, तिथेही हेच करावे. याचा परिणाम असा की मराठी प्रतीची पाने वाढतात आणि मोठ्या टिपा पुढच्या पानावर सरकतात. ‘मांडणी मूळसारखी’ म्हणजे पानाला पान जुळणे नव्हे. शीर्षकांची उतरंड, तक्ते, टिपा आणि त्यांचे दुवे जसेच्या तसे राहणे म्हणजे मांडणी राखणे. हे काम घेतानाच सांगून ठेवावे.

दुरुस्त्यांच्या खुणा मराठीतही हव्या असतील तर

करारांच्या आणि धोरणांच्या मसुद्यांत असे बरेचदा होते. मराठी वाचणाऱ्यालाही काय खोडले आणि काय घातले हे पाहायचे असते. खुणांसह भाषांतर करू गेल्यास गोंधळ होतो. त्यापेक्षा मूळ फाइलच्या दोन प्रती कराव्यात. एकीत सगळ्या दुरुस्त्या नाकाराव्यात, म्हणजे जुना मसुदा मिळतो. दुसरीत सगळ्या स्वीकाराव्यात, म्हणजे नवा मसुदा मिळतो. जुन्याचे मराठी भाषांतर पूर्ण करावे. त्याचीच प्रत घेऊन जिथे इंग्रजीत बदल झाला आहे तेवढीच वाक्ये नव्या मसुद्याप्रमाणे करावीत. मग `Review` टॅबवरचे `Compare` उघडून दोन्ही मराठी फायली द्याव्यात. वर्ड तिसरी फाइल बनवते आणि तिच्यात फरक ट्रॅक चेंजेसच्या खुणांनी दाखवते. खुणांवर कोणाचे नाव यावे, हेही तिथेच लिहिता येते.

या पद्धतीची मर्यादा व्याकरणातून येते. इंग्रजीत ‘समिती’च्या जागी ‘मंडळ’ हा अर्थ आला तर एक शब्द बदलतो. मराठीत ‘समिती नेमली जाईल’चे ‘मंडळ नेमले जाईल’ होते आणि क्रियापदही खुणेसह दिसते. वाचणाऱ्याला वाटू शकते की बदल जास्त झाले. फाइलबरोबर दोन ओळींचा खुलासा जोडला की गैरसमज होत नाही. ज्या वाक्यांत बदल नाही ती दोन्ही प्रतींत अक्षरन्‌अक्षर सारखी असली पाहिजेत, नाहीतर भाषांतरकाराने सहज सुधारलेला शब्दही मसुद्यातला बदल म्हणून दिसेल.

पाठवण्याआधी

शेवटची तपासणी अर्ध्या तासाची असते. शोधाच्या चौकटीत `^f` टाकले की वर्ड तळटिपांच्या खऱ्या खुणा शोधते. दुरुस्त्या स्वीकारलेली इंग्रजी प्रत आणि मराठी प्रत या दोन्हींत हा शोध चालवून संख्या जुळवावी. इथे ज्याचा आकडा पानावर दिसतो पण शोधात सापडत नाही, तो हाताने टाइप केलेला आहे. त्यानंतर `View`मध्ये `Draft` निवडून `References` टॅबवरचे `Show Notes` दाबले की सगळ्या टिपा एका पट्टीत येतात. इंग्रजीत राहून गेलेली टीप तिथे लगेच उठून दिसते. अनुक्रमणिका आणि उल्लेख `F9`ने ताजे करावेत.

मग फाइलची आणखी एक प्रत काढून तिच्यावर `File`, `Info` आणि `Inspect Document` चालवावे. फाइलमध्ये अजून कॉमेंट किंवा दुरुस्त्या दडल्या आहेत का, हे त्यातून कळते. संस्थेतले आपसातले बोलणे गावापर्यंत जाऊ नये यासाठी ही पायरी आहे. तपासणीनंतर ‘काढून टाका’ हे बटन मात्र विचार न करता दाबू नये. ठेवायच्या कॉमेंटही त्यात जातात. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडणार असेल तर `Options`मधल्या `Save` या भागात फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याची सोय आहे, ती चालू करावी.

हे सगळे झाल्यावर फाइलबरोबर एक छोटे पत्र द्यावे. कोणत्या दुरुस्त्या स्वीकारून भाषांतर केले, कोणत्या कॉमेंट काढल्या, कुठे तळटिपांचा क्रम बदलला आणि कोणता प्रश्न अजून उघडा आहे, एवढे त्यात असावे. आपल्या पुस्तिकेच्या पत्रातली पहिली ओळ पाणी तपासणीची असेल. ‘एकदा’ की ‘दोनदा’ याचे उत्तर कोणी आणि केव्हा दिले, हे तिथे नोंदलेले असले म्हणजे पुढच्या आवृत्तीला फाइल उघडणाऱ्या माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.